देवनागरी स्टिकर, इन्स्क्रिप्ट कळफलक आणि खाली झुकणारी नजर

परभणीत एका वकिलांच्या कार्यालयात मी अनेक वर्षे मसुदे लिहिण्याचे काम करतो. वारसाच्या नोंदीचे अर्ज, फेरफारावरील हरकती आणि वाटणीपत्रे वकीलसाहेब हाताने लिहून देत आणि आम्ही ती न्यायालयासमोरच्या टंकलेखकाकडून टाइप करून आणत असू. पुढे हे काम कार्यालयातच करायचे ठरले, तेव्हा मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे वर्णमालेच्या क्रमावर बेतलेल्या कळांच्या मांडणीने, मराठी टंकलेखन शिकायला घेतले. आमच्या संगणकाच्या कळफलकावर केवळ इंग्रजी अक्षरे छापलेली होती. त्यामुळे कळांवर देवनागरी स्टिकर लावावेत की नाही, हा पहिलाच प्रश्न होता आणि ज्यांना तो विचारला त्यांच्यात एकमत नव्हते. टंकलेखन शिकवणाऱ्या संस्थेतील मॅडमचे म्हणणे असे की स्टिकर लावले की नजर खाली जाते आणि एकदा लागलेली ही सवय सुटत नाही. माझी भाची संगणकाचा अभ्यासक्रम शिकते. तिचे म्हणणे याच्या उलट होते. कोणती कळ कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर न बघता चाचपडत बसण्याने चुकीची बोटे घट्ट होतात, असे ती म्हणे. मी स्टिकर लावले, टप्प्याटप्प्याने काढले आणि त्या काळात नजर कुठे जाते, किती वेळ खाते यावर लक्ष ठेवले. त्यातून जे दिसले ते येथे मांडतो.

प्रथम स्टिकरविषयी. बाजारात 'हिंदी कीबोर्ड स्टिकर' या नावाने जे पान मिळते, ते इन्स्क्रिप्टचे असेलच असे नाही, कारण काही पाने जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची असतात. दोन्हींत फरक कसा करायचा, तर 'के' या कळीचे स्टिकर पाहावे. त्यावर 'क' असेल तर पान इन्स्क्रिप्टचे आहे आणि काना असेल तर रेमिंग्टनचे. 'जे' कळ पाहून काही कळत नाही, कारण दोन्ही मांडण्यांत तिथे 'र' येतो. पान बरोबर असले तरी संगणकातली मांडणीही तीच आहे ना, हे तपासावे लागते. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडताना 'मराठी' आणि 'मराठी फोनेटिक' असे दोन कळफलक समोर येतात आणि उच्चारानुसार चालणाऱ्या फोनेटिकमध्येही 'के' दाबल्यावर 'क' उमटत असल्याने फसगत होऊ शकते. म्हणून 'एच' दाबून पाहावे. 'प' उमटला तर इन्स्क्रिप्ट चालू आहे, 'ह' उमटला तर नाही.

मी पारदर्शक स्टिकर घेतले, म्हणजे खालचे इंग्रजी अक्षरही दिसत राहते. त्याचा तोटा असा की एका कळीवर इंग्रजी अक्षर, साधे देवनागरी अक्षर आणि शिफ्टसह येणारे देवनागरी अक्षर अशी तीन चिन्हे दाटीवाटीने बसतात आणि नवशिक्याच्या नजरेला हवे ते चिन्ह त्यांतून वेचावे लागते. कार्यालयात इंग्रजीचेही काम होते, त्यामुळे मला दुसरा पर्याय नव्हता. ज्याला केवळ मराठीच टाइप करायची आहे, त्याने अपारदर्शक स्टिकर घ्यावेत असे माझे मत आहे. लावण्यापूर्वी कळा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरड्या केल्या नाहीत, तर बोटांचे तेल गोंदाला धरू देत नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत घामट बोटांखाली स्टिकरच्या कडा सरकतात, कडेला काळा चिकट मळ धरतो आणि तिथे बोट अडते. चिमट्याने स्टिकर मधोमध, कडांपासून किंचित आत बसवले तर हा त्रास कमी होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र 'एफ' आणि 'जे' या दोन कळांची आहे. या कळांवर खालच्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो आणि न बघता टाइप करणाऱ्याची दोन्ही तर्जनी त्याच उंचवट्यांवरून आपली जागा ओळखतात. स्टिकर लावले की हा उंचवटा झाकला जातो किंवा इतका बोथट होतो की बोटाला तो चटकन जाणवत नाही. मग हात जागेवर आहेत की एक कळ सरकले आहेत, हे पाहण्यासाठीच नजर खाली जाते, अक्षर शोधण्यासाठी नव्हे. म्हणजे न बघता टाइप करण्याचा आधारच स्टिकर काढून घेते. मी या दोन कळा पहिल्या दिवसापासून मोकळ्या ठेवल्या. डाव्या तर्जनीखाली पहिली वेलांटी आणि उजव्या तर्जनीखाली 'र' एवढेच लक्षात ठेवायचे असते आणि त्याला वेळ लागत नाही.

यानंतर अक्षरे शिकायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आले की इन्स्क्रिप्टच्या बऱ्याचशा कळांना शिफ्टच्या अक्षराचे स्टिकर लागतच नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ सालच्या आयएस १३१९४ या मानकात समाविष्ट केलेली ही मांडणी वर्णमालेच्या क्रमावर बेतलेली आहे. डाव्या हाताच्या वरच्या व मधल्या ओळीत मात्रा आहेत आणि त्याच कळा शिफ्टसह दाबल्या की त्या मात्रेचा पूर्ण स्वर येतो. कान्याच्या कळीवर 'आ', उकाराच्या कळीवर 'उ', अशा रीतीने. हलन्ताच्या, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाच्या, कळीवर शिफ्टसह 'अ' येतो एवढे मात्र वेगळे सांगावे लागते. उजव्या हाताला क, ग, त, द, प, ब, च, ज, ट, ड ही अक्षरे आहेत आणि शिफ्टसह त्यांचीच जोडीदार ख, घ, थ, ध, फ, भ, छ, झ, ठ, ढ ही येतात. 'क' कुठे आहे हे ज्याला कळले, त्याला 'ख' शोधण्यासाठी खाली बघण्याचे काहीच कारण उरत नाही.

अडते ते खालच्या ओळीत. तिथे 'म'च्या कळीवर शिफ्टसह 'ण' आहे, 'ल'वर 'ळ', 'स'वर 'श' आणि स्वल्पविरामाच्या कळीवर 'ष'. शिवाय मधल्या ओळीत 'र'च्या कळीवर 'ऱ' आहे. यांना वर सांगितलेला जोडीचा नियम लागू होत नाही आणि 'म', 'न', 'व' ही व्यंजने तर उजव्या हाताची रीत सोडून डाव्या हाताला येतात. मराठीत 'ळ' आणि 'ण' पावलोपावली लागतात, 'ऱ' तर 'दुसऱ्या', 'शेतकऱ्याने' अशा रूपांत सतत येतो. माझी नजर खाली जाण्याचे प्रमाण ज्या अक्षरांवर शेवटपर्यंत टिकले, ती हीच मूठभर अक्षरे होत.

नजरेने नेमका किती व कुठे उशीर होतो, हे समजण्यासाठी रोजच्या कामातले एक वाक्य घेतो: 'मूळ मालकाच्या दुसऱ्या पत्नीच्या वारसांची नावे सातबारा उताऱ्यावर घेण्यात यावीत.' हे वाक्य वकीलसाहेबांच्या हस्ताक्षरात समोर आहे आणि मला ते जसेच्या तसे उतरवायचे आहे. 'मू' सहज येतो. 'ळ'पाशी बोट थबकते, मी कळफलकाकडे पाहतो, 'ल'च्या वर 'ळ' दिसतो, शिफ्ट धरून ती कळ दाबतो आणि मग पडद्यावर बरोबर उमटले का ते पाहतो. यात गेलेला वेळ फार नाही. खरा वेळ जातो तो कागदावर परतल्यावर, कारण डोळ्यांना आता हस्तलिखितातली ती ओळ आणि ओळीतली ती जागा पुन्हा शोधावी लागते. अर्जांची भाषा ठरावीक असते. 'यावीत', 'घेण्यात', 'सदर', 'वारस' हे शब्द ओळीओळींत येतात, आणि नजर एका 'घेण्यात यावीत'वरून निघून दोन ओळी खालच्या 'घेण्यात यावीत'वर परतली तर मधला मजकूर गळतो. सुरुवातीच्या काळातल्या माझ्या छापील मसुद्यांत अक्षरांच्या चुका होत्याच, पण वकीलसाहेबांना खटकल्या त्या गळलेल्या ओळी आणि दोनदा आलेले शब्द. माझ्या मते हीच खाली बघण्याची खरी खूण आहे. एखाद्याच्या कामात ओळी गळत असतील आणि शब्द दुणावत असतील, तर त्याची नजर कागदावरून वारंवार उठते आहे असे समजावे.

सराईत टंकलेखकाचे डोळे तो टाइप करत असलेल्या अक्षराच्या काही अक्षरे पुढे कागदावर चालत असतात, हे टंकलेखनावरील जुन्या अभ्यासांतून दिसून आलेले आहे. बोटे 'दुसऱ्या'वर असताना डोळे 'पत्नीच्या'पर्यंत पोहोचलेले असतात आणि त्यामुळे बोटांना पुढचा शब्द तयार मिळतो. खाली बघितले की ही आघाडी शून्यावर येते. परत कागदावर गेल्यावर ती नव्याने उभी राहते आणि पुढच्या 'ण'पाशी पुन्हा मोडते.

हे केवळ माझ्या मनाचे नाही, याची खात्री करून घेण्यासाठी मी एक साधा प्रयोग केला. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून ते कळफलकावर उपडे ठेवले, जेणेकरून हात आत जातील पण कळा दिसणार नाहीत. मग सारख्याच लांबीचे व सारख्याच भाषेचे मजकूर घेऊन मी ते चार प्रकारे टाइप केले: हस्तलिखितावरून उघड्या कळफलकावर, हस्तलिखितावरून झाकलेल्या कळफलकावर, आणि भाची वाचून दाखवत असताना पुन्हा याच दोन प्रकारे. तेव्हा माझी अक्षरांची ओळख बऱ्यापैकी झालेली होती, पण खाली बघण्याची सवय होतीच. हस्तलिखितावरून टाइप करताना झाकलेल्या कळफलकावर अक्षरांच्या चुका वाढल्या, मात्र एकही ओळ गळली नाही आणि चुका दुरुस्त करण्याचा वेळ धरूनही एकूण वेळ उघड्या कळफलकापेक्षा फारसा अधिक लागला नाही. भाची सांगत असताना चित्र पालटले. तिथे सांभाळायला कागदच नव्हता, त्यामुळे उघड्या कळफलकाकडे बघत टाइप केले तरी जवळजवळ काहीच बिघडले नाही आणि कळफलक झाकल्यावर मात्र माझा वेग स्पष्टपणे घटला. हस्तलिखितावरून टाइप करत असताना ती एकदा म्हणाली होती, "मामा, तुम्ही नुसतं कळांकडंच बघायलात, कागदावरची ओळ कुठं गेली ते बघा की." तिच्या त्या वाक्यात प्रयोगाचा निष्कर्ष आधीच आलेला होता.

म्हणून 'खाली बघितल्याने वेग कमी होतो का' या प्रश्नाचे उत्तर काम कोणते यावर अवलंबून आहे, असे मी मानतो. जो मनातले थेट टाइप करतो किंवा ऐकून टाइप करतो, त्याला अधूनमधून खाली बघण्याचा मोठा फटका बसत नाही. त्याचा तोटा दुसरा आहे. नजर कळांवर असल्यामुळे पडद्यावरची चूक उशिरा दिसते आणि मराठीत ती कधीकधी दिसतच नाही. शिफ्ट नीट दाबली गेली नाही तर 'मूळ'चा 'मूल' होतो, 'मळा'चा 'मला' होतो. हे सारे शब्द मराठीत आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणाली त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. जमिनीच्या अर्जात 'मूळ मालक' ऐवजी 'मूल मालक' गेले तर अर्ज परत येऊ शकतो. 'ष'चे तसे नाही. तिथे शिफ्ट सुटली तर शब्दाच्या पोटात स्वल्पविराम पडतो आणि तो लगेच डोळ्यांत भरतो.

परदेशात झालेल्या अभ्यासांचा कौलही याच दिशेचा आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा बोटांच्या शिस्तीने टाइप करणारे आणि आपापल्या पद्धतीने टाइप करणारे अशा दोन गटांची तुलना केली होती. कळा झाकल्यावर दुसऱ्या गटाचे अधिक नुकसान झाले. म्हणजे स्वतःची पद्धत बसवलेल्यांची बोटे नजरेच्या आधारावर अधिक विसंबलेली होती. त्याच विद्यापीठातून २०१४ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक निष्कर्ष मला शिकताना अधिक उपयोगी वाटला. सराईत टंकलेखकांना कोऱ्या कळफलकाच्या चित्रावर इंग्रजी अक्षरे भरायला सांगितली, तेव्हा त्यांना २६ पैकी सरासरी १५च्या आसपासच अक्षरे बरोबर जागी भरता आली. ज्यांची बोटे ती अक्षरे दिवसभर अचूक दाबत होती, त्यांना ती कुठे आहेत हे सांगता येत नव्हते. म्हणजे बोटांची ओळख आणि डोळ्यांची ओळख या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. स्टिकर डोळ्यांना शिकवते. त्याने बोटांना आपोआप शिकवले जाईल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

मराठीत यात आणखी एक अडचण मिसळते. कागदावर दिसणारे जोडाक्षर स्टिकरवर सापडत नाही, कारण ते अनेक कळांनी घडते आणि त्या कळांचा क्रम दिसण्याच्या क्रमासारखा नसतो. 'दुसऱ्या' लिहिताना 'स'नंतर शिफ्टसह 'र'ची कळ, मग हलन्त, मग 'य' आणि शेवटी काना, असे दाबावे लागते. 'वर्षे' या शब्दात रफार डोळ्यांना 'ष'च्या डोक्यावर दिसतो, परंतु 'र' आणि हलन्त 'ष'च्या आधी येतात. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी असते आणि टाइप मात्र अक्षरानंतर करायची असते. यांतले काहीही स्टिकर सांगत नाही. मी सुरुवातीला 'क्षेत्र' या शब्दापाशी कळफलकावर 'क्ष' शोधत असे. तो सापडतोही, पण वर आकड्यांच्या ओळीत, शिफ्टसह ७ या कळीवर, आणि 'त्र' शिफ्टसह ६वर. तिथे पोहोचण्यासाठी हात जागेवरून उचलावा लागतो आणि उचललेला हात परत बसवण्यासाठी पुन्हा बघावे लागते. त्याऐवजी 'क', हलन्त, 'ष', मात्रा, 'त', हलन्त, 'र' हा लांबचा मार्ग मी धरला. कळा अधिक लागतात, पण हात मधल्या ओळीभोवतीच राहतात आणि नजर कागदावर टिकते. नवशिक्यासाठी हाच मार्ग चांगला असे माझे ठाम मत आहे.

स्टिकर कसे सोडवायचे, हा प्रश्न मॅडमच्या एका वाक्याने सुटला. "बघूच नका असं मी म्हणत नाही, पण आधी बोट जाऊ द्या, डोळे मागून येऊ द्या," असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी असा नियम पाळला की अक्षर आठवले नाही तरी बोट अंदाजाने एका कळीवर न्यायचे, ते तिथे टेकवायचे आणि त्यानंतरच खाली बघून पडताळायचे. अंदाज बरोबर निघाला तर बोटाची ओळख पक्की होते. चुकला तर नजर बोटाला योग्य दिशा दाखवते. आधी बघून मग दाबले, तर बोट केवळ डोळ्यांच्या मागे फरफटते आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा डोळेच लागतात. या नियमाने सुरुवातीला काम संथ झाले, पण तेच अक्षर दुसऱ्यांदा शोधावे लागणे झपाट्याने कमी झाले.

त्यानंतर स्टिकर एकदम न काढता ओळीओळीने काढले. प्रथम मधली ओळ मोकळी केली, कारण बोटे तिच्यावरच टेकलेली असतात आणि बघण्याची गरज तिथे सर्वांत आधी संपते. नंतर वरच्या ओळीतल्या डाव्या हाताच्या मात्रा काढल्या आणि मग उजवीकडची ब, ह, ग, द, ज, ड ही अक्षरे. ज्या कळीचे स्टिकर काढल्यावर तिथे चुका वाढल्या आणि काही काळाने कमी झाल्या, तिथे निर्णय योग्य होता असे मी धरले. ज्या कळीवर चुका कमीच होईनात, तिचे चित्र कळफलकावर न लावता समोरच्या भिंतीवर कागदावर काढून लावले. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' या कळा एकत्र दाबल्या की पडद्यावरही कळफलकाचे चित्र येते आणि मराठी चालू असेल तर त्यावर मराठी अक्षरे दिसतात. भिंतीवरच्या किंवा पडद्यावरच्या चित्राकडे बघतानाही नजर कागदावरून उठते, हे खरे आहे. परंतु तिथून परतल्यावर कळ बोटालाच शोधावी लागते, आणि बोट शिकते ते त्या शोधातूनच. चिकट राहिलेला गोंद खोबरेल तेलाच्या बोटाने सुटतो. त्यानंतर कळ स्पिरिटने पुसून घ्यावी लागते, नाहीतर तेलकट कळीवरून बोट घसरते.

मराठी लिपिक-टंकलेखकाच्या पदांसाठी मिनिटाला ३० शब्दांची अट असते. मी परीक्षेसाठी शिकलो नाही, तरी कामाचा वेग मोजण्यासाठी हेच माप डोळ्यांसमोर ठेवले होते. स्टिकर पूर्ण असताना माझा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास अडकून राहिला होता, आणि मधली ओळ मोकळी झाल्यानंतर काही आठवड्यांनी तो हळूहळू वर सरकला. तो स्टिकर काढल्यामुळे वाढला की तेवढ्या काळातल्या सरावामुळे, हे मला खात्रीने वेगळे करून सांगता येणार नाही. ओळी गळणे थांबले ते मात्र निश्चितपणे नजर कागदावर राहू लागल्यामुळे.

आज माझ्या कळफलकावर 'ण', 'ळ', 'श' आणि 'ष' यांच्या कळांवर स्टिकर नाहीत. आकड्यांच्या ओळीतले 'ज्ञ', 'श्र' आणि दुसऱ्या टोकाचा 'ऋ' यांचे स्टिकर मी मुद्दाम ठेवले आहेत, कारण ती अक्षरे अर्जांत क्वचित येतात आणि क्वचित लागणाऱ्या कळीसाठी बोटाला शिकवण्यापेक्षा एकदा खाली बघणे स्वस्त पडते. कार्यालयात नव्याने आलेल्या मुलाच्या कळफलकावर आम्ही याच पद्धतीने स्टिकर लावले असून, 'एफ' आणि 'जे' सोडले आहेत. तोही हस्तलिखितावरूनच टाइप करतो, म्हणून त्याच्या छापील मसुद्यात मी आधी गळलेल्या ओळी शोधतो आणि अक्षरांच्या चुका त्यानंतर.